क्रियापद आलं, वाक्य अजून बाकी आहे

सहा शब्दांचं एक जर्मन गौण वाक्य घेऊ : ‘दास एर दास बूख लेझन कान’. आता त्याच्या खाली एकेक मराठी शब्द मांडू : ‘की तो ते पुस्तक वाचू शकतो’. पहिला ‘दास’ म्हणजे ‘की’, ‘एर’ म्हणजे ‘तो’, दुसरा ‘दास’ म्हणजे ‘ते’, ‘बूख’ म्हणजे पुस्तक, ‘लेझन’ म्हणजे वाचणं आणि ‘कान’ म्हणजे शकतो. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. पण हेच विधान मोठ्या वाक्याचा भाग न राहता एकटं उभं राहिलं, की जर्मन माणूस म्हणतो : ‘एर कान दास बूख लेझन’. तो शकतो ते पुस्तक वाचू. ‘शकतो’ शेवटून उठून दुसऱ्या जागेवर आलं.

पुण्यामुंबईत जर्मन शिकणाऱ्यांना हा नियम पहिल्या वर्षीच भेटतो. प्रधान वाक्यात काळ-पुरुष दाखवणारं क्रियापद दुसऱ्या जागी, गौण वाक्यात ते शेवटी. मराठी विद्यार्थ्याला गौण वाक्याची रचना ओळखीची वाटते, कारण ती जवळजवळ घरचीच असते. अडचण प्रधान वाक्यात येते. पण या नियमातली खरी सोय परकीय विद्यार्थ्यापेक्षा जर्मन श्रोत्याच्या कामी येते. ‘दास’ ऐकलं की त्याला कळतं, आता आतलं वाक्य सुरू झालं. क्रियापद ऐकलं की कळतं, ते संपलं. आतल्या वाक्याला दोन्ही बाजूंनी कुंपण मिळतं. शिवाय क्रियापदाची जागाच सांगते, की हे वाक्य स्वतंत्र नाही.

मराठीला ही सोय नाही. आपलं क्रियापद प्रधान वाक्यातही शेवटी असतं आणि गौण वाक्यातही. म्हणजे जागेवरून काहीच ओळखू येत नाही. ‘तो उद्या येणार’ इथपर्यंत ऐकलं, तर वाक्य पूर्ण झालं की पुढे ‘असं आई म्हणाली’ यायचं आहे, हे कसं समजावं? क्रियापद नेहमीच शेवटी ठेवणाऱ्या प्रत्येक भाषेपुढे हा प्रश्न उभा असतो : क्रियापद तर आलं, पण हा शेवट कोणाचा? आतल्या वाक्याचा की सगळ्याचा?

हा प्रश्न किती खरा आहे ते जपानीत स्पष्ट दिसतं. जपानी ही मराठीपेक्षाही कडक क्रियापदान्त भाषा. तिच्यातलं हे वाक्य पाहा : ‘केन गा होन ओ योंदा कोदोमो ओ होमेता’. ‘गा’ कर्त्याची खूण, ‘ओ’ कर्माची. ‘होन’ म्हणजे पुस्तक, ‘योंदा’ म्हणजे वाचलं. ‘केन गा होन ओ योंदा’ इथपर्यंत श्रोत्याच्या मनात ‘केननं पुस्तक वाचलं’ असं पूर्ण वाक्य तयार झालेलं असतं. तेवढ्यात ‘कोदोमो’ येतं, म्हणजे मूल. आता सगळी जुळणी मोडावी लागते. वाचणारा केन नव्हताच, वाचणारं मूल होतं. शेवटी ‘होमेता’ येतं तेव्हा अर्थ लागतो : पुस्तक वाचलेल्या मुलाचं केननं कौतुक केलं. घोळ झाला तो ‘योंदा’मुळे. वाक्य संपवणारं ‘वाचलं’ आणि नामाला चिकटणारं ‘वाचलेलं’ या दोन्हींसाठी आजच्या जपानीत हे एकच रूप आहे. जुन्या जपानीत ती दोन रूपं वेगळी होती. वाक्य संपवताना ‘योमितारि’ म्हणत, नामाच्या आधी ‘योमितारु’. मध्ययुगाच्या ओघात नामाआधीच्या रूपानं वाक्य संपवणाऱ्या रूपाची जागा घेतली आणि हा फरक बुजला.

मराठीत याच्या नेमकं उलट घडलं. आपलं ‘गेला’, ‘आला’, ‘पिकलं’ हे मुळात विशेषणासारखं वापरलं जाणारं धातुसाधित. ते पुढे वाक्य संपवणारं भूतकाळी क्रियापद झालं. त्याचा जुना वापर काही ठिकाणी अजून टिकून आहे. ‘आठवडा गेला’ असंही आपण म्हणतो आणि ‘गेला आठवडा’ असंही. ‘पाहुणे आले’ म्हणतो आणि ‘आल्या पाहुण्याला पाणी दे’ असंही म्हणतो. एकच रूप दोन्ही कामांना, अगदी आजच्या जपानीसारखं. पण ‘आला’ वाक्य संपवण्याच्या कामात पुरता गुंतल्यावर नामाआधी उभं राहायला मराठीनं दुसरं रूप रूढ केलं : ‘आलेला’. तोच ‘ल’ पुन्हा एकदा जोडून. आता ‘काल आला’ म्हटलं की वाक्य संपतं आणि ‘काल आलेला’ म्हटलं की ऐकणारा पुढच्या नामाची वाट पाहतो. ‘आलेला’ हे रूप मला मराठीच्या फार मोलाच्या कमाईपैकी एक वाटतं. शाळेच्या व्याकरणात ते धातुसाधित विशेषणांच्या यादीत एका ओळीत उरकलं जातं.

तेव्हा मराठीचा पहिला उपाय हा, की वाक्य दुसऱ्या वाक्याच्या पोटात घालायचं असेल तर त्याच्या क्रियापदाचं रूपच बदलायचं. जो येणार आहे तो ‘येणारा’. आल्यानंतर म्हणायचं तर ‘आल्यावर’, येतायेता म्हणायचं तर ‘येताना’, त्यासाठी म्हणायचं तर ‘यायला’, आणि एकामागून एक क्रिया सांगायची तर ‘येऊन’. यातलं कोणतंही रूप सहसा वाक्य संपवत नाही. ‘बाजारात जाऊन भाजी आणून ती निवडून ठेवल्यावर’ इतकं कोणी बोलला तरी श्रोता निवांत असतो. चार क्रिया झाल्या, पण शेवट झालेला नाही, हे प्रत्येक रूपानं आपापल्या जागी सांगितलेलं असतं. वाक्याला शेवट एकच, त्यामुळे तो करणारं क्रियापदही एकच.

या उपायाला किंमत मोजावी लागते. रूप बदललं की क्रियापदावरच्या आणि नामांवरच्या बऱ्याच खुणा गळून पडतात. ‘मी आंबा कापलेली सुरी’ म्हटलं तर कळतं की सुरीनं कापला. ‘मी पत्र लिहिलेला मित्र’ म्हटलं तर कळतं की मित्राला लिहिलं. ‘नं’ आणि ‘ला’ दोन्ही गायब आहेत, तरी सुरी आणि मित्र यांच्या स्वभावावरून आपण ते भरून काढतो. पण ‘मी ज्या गावाहून आलो ते गाव’ हे याच साच्यात बसवून पाहा : ‘मी आलेलं गाव’. मुळात ते अवघडलेलं वाटतं, आणि अर्थ लागला तरी ‘ज्या गावाला आलो’ असा लागतो. ‘हून’ गळाला आणि तो परत मिळवायला काही आधार उरला नाही. ‘मी ज्याच्याशी भांडलो तो’, ‘मी ज्याच्यासाठी थांबलो तो’ यांचीही हीच गत. ‘आला असता’, ‘आला असेल’ या छटाही ‘आलेला’त मावत नाहीत.

अशा वेळी मराठी ‘जो–तो’कडे वळते. ‘ज्या गावाहून मी आलो, ते गाव आता धरणात गेलं.’ इथं गौण वाक्याचं क्रियापद पूर्ण आहे, ‘हून’ जागेवर आहे, काळ-पुरुष सगळं शाबूत आहे. मात्र हे वाक्य कुठे ठेवलंय याकडे लक्ष द्या. ते प्रधान वाक्याच्या पोटात नाही, त्याच्या उंबरठ्याबाहेर आधीच मांडलेलं आहे. सुरुवातीच्या ‘ज्या’नं सांगितलं की हे गौण आहे, आणि ‘ते’ आल्यावर प्रधान वाक्य सुरू झालं. हवं तर ते मागेही टाकता येतं : ‘ते गाव आता धरणात गेलं, ज्या गावाहून मी आलो.’ मधोमध मात्र ते अडचण करतं. ‘सरकारनं ज्या गावाहून मी आलो ते गाव धरणासाठी घेतलं’ हे व्याकरणात बसतं, तरी वाचताना जीभ अडखळते. ‘सरकारनं’ बिचारं सुरुवातीला एकटं उभं राहतं आणि ‘घेतलं’ येईपर्यंत त्याला कोणी विचारत नाही.

इथं माझ्या मते मराठीच्या गौण वाक्यांचा गाभा सापडतो. जे वाक्य आत राहतं त्याचं क्रियापद अपुरं होतं, आणि ज्याचं क्रियापद पुरं राहतं ते वाक्य कडेला जातं. नियम म्हणून हे कोणी घालून दिलेलं नाही आणि अपवादही सापडतात, पण बोलत्या मराठीचा ओढा असा आहे. त्याचं कारण समजून घ्यायला ‘सांगितलं’, ‘वाटतं’, ‘कळलं’ अशा क्रियापदांकडे वळावं लागतं, कारण त्यांचं कर्मच एक आख्खं वाक्य असतं.

कर्माची मराठीतली जागा कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये. ‘आजीनं आईला निरोप सांगितला.’ आता निरोपाच्या जागी वाक्य घालू : ‘आजीनं आईला मुलगा उद्या येणार असं सांगितलं.’ चालतं. आणखी एक पायरी वाढवू, म्हणजे आजीनं सांगितलेल्या गोष्टीतही कोणीतरी कोणाला तरी काही कळवलेलं असू दे : ‘आजीनं आईला बाबांनी काकांना मुलगा उद्या येणार असं कळवलं असं सांगितलं.’ व्याकरणाचा एकही नियम मोडलेला नाही, तरी हे वाक्य कोणी एका ऐकण्यात समजून दाखवावं. पहिलं क्रियापद येण्याआधी पाच माणसं रांगेत उभी आहेत, आणि कोणी काय केलं याचा पत्ता नाही. ‘आजीनं’ला ‘सांगितलं’ भेटेपर्यंत मध्ये बाबा, काका आणि मुलगा यांची सगळी हकिगत होऊन जाते. भरीला ‘आजीनं’ आणि ‘बाबांनी’ एकाच विभक्तीत, ‘आईला’ आणि ‘काकांना’ही एकाच विभक्तीत. शेवटी दोन क्रियापदं आली की कोणतं कोणाचं, यात मन गोंधळतं. वाक्याच्या मध्यात वाक्य आणि त्याच्या मध्यात आणखी एक वाक्य, अशा रचनेला माणसाची स्मृती लवकर थकते हे जॉर्ज मिलर आणि नोम चॉम्स्की यांनी १९६३ साली इंग्रजीसंदर्भात मांडलं होतं. हिंदीतल्या अशाच वाक्यांवर श्रवण वसिष्ठ यांनी सविस्तर प्रयोग केले, आणि त्यांचं पुस्तक २००३ साली आलं.

यावरून कोणाला वाटेल की क्रियापद शेवटी ठेवणं हेच मुळात श्रोत्यावर ओझं. तसं नाही. लार्स कोनिएचनी यांनी २००० साली जर्मन वाचकांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर वाक्य एकेक शब्द करून दाखवायचं आणि प्रत्येक शब्दावर वाचक किती वेळ थांबतो ते मोजायचं. शेवटच्या क्रियापदाआधी जास्त शब्द आले की वाचक त्या क्रियापदावर अधिक रेंगाळेल, अशी अपेक्षा कोणीही केली असती. पण तो उलट लवकर पुढे सरकला. कोणी, कोणाला, काय, कुठे हे आधीच कळलेलं असलं की येणारं क्रियापद कोणत्या प्रकारचं असेल याचा अंदाज मनात तयार असतो. ‘आजीनं आईला कपाटातला डबा काढून...’ एवढं ऐकून आपण ‘दिला’ची वाट पाहतच असतो. तेव्हा क्रियापदाआधी एकाच वाक्याचं सामान कितीही आलं तरी ते उपयोगी पडतं. त्रास होतो तो दोन-तीन वाक्यांचं सामान एकमेकांत मिसळून, एकही क्रियापद न येता साठत गेलं की.

त्या अवघड वाक्यातून सुटायचे मराठीत दोन मार्ग आहेत. पहिला : ‘आजीनं आईला सांगितलं की बाबांनी काकांना कळवलं की मुलगा उद्या येणार.’ दुसरा : ‘मुलगा उद्या येणार असं बाबांनी काकांना कळवल्याचं आजीनं आईला सांगितलं.’ पहिल्यात गौण वाक्य उजव्या कडेला गेलं, दुसऱ्यात डाव्या. दोन्हीकडे ‘आजीनं आईला सांगितलं’ हे शब्द पुन्हा एकमेकांशेजारी आले आणि वाक्य उलगडलं. दुसऱ्या मार्गात ‘कळवलं’चं ‘कळवल्याचं’ झालं, हेही पाहण्यासारखं. सगळ्याच्या मध्ये राहिलेल्या वाक्याचं क्रियापद अपुरं झालं.

वर्तमानपत्रांना दुसरा मार्ग प्रिय आहे. चार ओळींचं विधान आणि त्यानंतर ‘असे त्यांनी पत्रकारांना सांगितले’. वाचायला ते सोपं जातं, कारण पोटात काही अडकलेलं नसतं. त्याचा दोष वेगळा आहे. हे विधान बातमीदाराचं की मंत्र्याचं, ते चौथ्या ओळीच्या शेवटी कळतं. वाचकानं तोवर ते सत्य म्हणून मनात नोंदवलेलं असतं. आरोपाची बातमी असेल तर हा फरक लहान नाही. अशा बातमीत ‘त्यांनी आरोप केला की’ अशी सुरुवात मला जास्त प्रामाणिक वाटते, रचना थोडी कमी ठसठशीत झाली तरी.

आता ‘की’ आणि ‘असं’ यांच्या जागा पाहा. ‘की’ आपल्या वाक्याच्या सुरुवातीला येतो, आणि ते वाक्य मुख्य क्रियापदाच्या उजवीकडे जातं. ‘असं’ किंवा ‘म्हणून’ आपल्या वाक्याच्या शेवटी येतात, आणि ते वाक्य मुख्य क्रियापदाच्या डावीकडे राहतं. ‘मला की तो येणार आहे वाटतं’ असं कोणी मराठी माणूस म्हणणार नाही. दुवा पुढे तर वाक्य मागे आणि दुवा मागे तर वाक्य पुढे, हा जोड योगायोगाचा नाही. बंगालीतही असेच दोन दुवे आहेत, ‘जे’ आणि ‘बोले’. योसेफ बायर या जर्मन भाषावैज्ञानिकानं अशा दुहेरी भाषांचा अभ्यास करून दाखवलं, की दुव्याची जागा आणि गौण वाक्याची जागा एकमेकींना बांधलेल्या असतात. दोन्ही मांडण्यांत दुवा मुख्य क्रियापदाच्या जवळ येऊन पडतो : ‘सांगितलं की...’ आणि ‘...म्हणून सांगितलं’. मुख्य क्रियापद आणि ‘आता आतलं वाक्य सुरू’ किंवा ‘आतलं वाक्य संपलं’ ही खूण, दोन्ही श्रोत्याला लागोपाठ मिळतात.

हे दोन दुवे आपल्याकडे दोन वाटांनी आले. ‘म्हणून’ हे ‘म्हणणे’चंच धातुसाधित, म्हणजे ‘असं म्हणून’. बोलण्याच्या क्रियापदापासून असा दुवा बनवणं ही दक्षिणेकडची जुनी रीत आहे. कन्नडमध्ये ‘अवनु नाळे बरुत्ताने अंत हेळिद’ म्हणतात. शब्द मांडून पाहा : तो, उद्या, येतो, म्हणून, सांगितलं. सांगली, कोल्हापूर, बेळगावकडच्या मराठीत ‘तो उद्या येतो म्हणून सांगितलं’ हे रोजचं वाक्य आहे. कन्नडशी ते शब्दाला शब्द जुळतं. तेलुगूत ‘अनि’, दखनी उर्दूत ‘बोलके’. संस्कृतातलं ‘इति’ बोलण्यावरून आलेलं नसलं तरी तेही वाक्याच्या शेवटीच बसतं. दुसरीकडे ‘की’चं काम फारसीत ‘के’ अगदी याच पद्धतीनं करतं. फारसीही क्रियापद शेवटी ठेवते आणि ‘के’चं वाक्य मात्र त्याच्यामागे सोडते. ‘की’च्या प्रसारात फारसीचा वाटा मोठा मानला जातो. पण ही जागा मराठीत त्याआधीही मोकळी नव्हती. जुन्या पत्रांच्या मायन्यात ‘विनंती ऐसीजे’ येतं ते आठवा. त्यातला ‘जे’ म्हणजे आजचा ‘की’. विनंती अशी की. वाक्य उजवीकडे सोडायची सवय आपली होतीच, दुवा तेवढा बदलला.

बोलताना यात एक गळती होते, आणि ती एकाच बाजूला होते. ‘मला वाटलं तू येणार म्हणून’ असं आपण सर्रास म्हणतो. ‘म्हणून’चं वाक्य डावीकडे हवं होतं, ते उजवीकडे सांडलं. पण ‘की’चं वाक्य कधीही डावीकडे जात नाही. ‘तू येणार की मला वाटलं’ हे चुकूनही तोंडातून निघत नाही, आणि ‘की तू येणार मला वाटलं’ही निघत नाही. बोलणाऱ्याला मुख्य गोष्ट आधी सांगून बाकीची नंतर जोडता येते, म्हणून उजवीकडे सांडणं सगळ्याच क्रियापदान्त भाषांना थोडंफार परवडतं. डावीकडे जायचं तर श्रोत्याला आधीपासून इशारा हवा, आणि ‘की’ तो इशारा देऊ शकत नाही, कारण त्याला स्वतःलाच टेकायला मागे एक क्रियापद लागतं. आपला उच्चारच याचा पुरावा देतो. ‘तो म्हणाला की मी येतो’ हे सहज बोलून पाहा. अर्थाच्या हिशेबानं ‘की’ पुढच्या वाक्याचा, म्हणून थांबा त्याच्या आधी पडायला हवा. तो पडतो ‘की’च्या नंतर : ‘तो म्हणालाकी, मी येतो.’ मुद्रितशोधक ‘म्हणाला, की’ असा स्वल्पविराम देतात तो वाक्यरचना पाहून, आणि लिहिणारे ‘म्हणाला की,’ असा देतात तो कानानं ऐकून.